छतावरची बांधी

तेजराम चुटे चौतीस वर्षं जमिनीपासून चाळीस फूट उंच बसला आणि रिटायर झाल्यावर त्याला जमीन आठवली. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण जमीन आठवली तर माणसानं खाली उतरावं की नाही? यानं जमिनीलाच वर नेलं.

मी पंजाबराव. गळणारी छतं बंद करणं हा माझा धंदा. भिलाईशेजारी पद्मनाभपुरात दुकान आहे, पण भिलाईच्या अर्ध्या सेक्टरांतले रिटायर लोक मला ओळखतात, कारण क्वार्टर सोडून स्वतःचं घर बांधलं की पहिल्या दोन वर्षांत ते गळतंच. तेजराम भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये बसून वीस टनी क्रेनच्या आकड्याला लटकलेलं लोखंड एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं, हेच त्याचं आयुष्य. सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून तो भिलाई-तीनला स्वतःच्या घरात आला तेव्हा त्याच्या बायकोला, मनकर्णावहिनींना, वाटलं आता हा घरी बसून पेपर वाचेल. कोणाला काय वाटावं याला बंधन नाही.

आमगावजवळ त्यांची वडिलोपार्जित धानाची शेती. आपला हिस्सा त्यानं नोकरी लागल्याबरोबर हसत हसत धाकट्या भावाला देऊन टाकला होता. साठाव्या वर्षी तो हिस्सा त्याच्या पोटात दुखायला लागला. परत मागायची सोय नाही, स्वभावही नाही. मग तो माझ्याकडे आला.

"पंजाबभाऊ, मले छतावर बगीचा पायजे. टमाटर, वांगे, मेथी. बस, बाकी काई नाई."

मी त्याला बगीचा करून दिला, आणि सांगतो, असा करून दिला की अजून मला त्याचा अभिमान आहे. आधी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाणी वाहून जाईल असा उतार देऊन. त्यावर गॅसच्या ज्योतीनं वितळवून चिकटवलेली डांबरी चादर, भिंतीच्या कडेनं एक फूट वर चढवलेली. मग नाल्यांची तोंडं बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खाली घरात टॉर्च घेऊन छत बघत फिरलो. एक थेंब नाही. मग त्यावर मुळं अडवणारी जाड प्लास्टिकची चादर, कारण डांबराला मुळं जुमानत नाहीत, बारीकशी फट सापडली की आत घुसतात आणि मग जाड होतात. त्यावर अंड्यांच्या ट्रेसारखी उंचसखल चादर, म्हणजे जास्तीचं पाणी खालून नालीकडे निघून जातं. त्यावर गाळणीचं कापड, म्हणजे माती पाण्याबरोबर जात नाही. आणि सगळ्यात वर चार इंच हलकी माती: नारळाचा भुसा, शेणखत, धानाचा जळका कोंडा, आणि खरी माती फक्त चवीपुरती.

"ही माती हाये?" तेजरामनं मुठीत घेऊन विचारलं होतं. "हे तं चहापत्ती होय."

मी दहा वर्षांची लेखी गॅरंटी दिली आणि हात झटकून निघालो. पुढच्या वर्षी त्यानं काय केलं, हे मला तीन महिने कोणी सांगितलं नाही. तेजरामनं तर ताकास तूर लागू दिली नाही.

सप्टेंबर संपत आला होता. त्याची मुलगी समीक्षा, तिचा फोन आला. ती सेक्टर दोनमध्येच राहते, नवरा प्लांटमध्ये.

"काका, किचनमध्ये पाणी गळून राहिलं. आप ज़रा जल्दी आओ. आणि ऊपर जाल तेव्हा डोकं शांत ठेवा, प्लीज़."

डोकं शांत ठेवा म्हटलं की माझं डोकं तिथेच तापतं. घरी पोचलो. दार मनकर्णावहिनींनी उघडलं. अंगावर सुती लुगडं, हातात लाटणं आणि डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा नीट बांधलेला. मी हसलो नाही. बाईनं हेल्मेट घालून पोळ्या लाटायची वेळ यावी, यात हसण्यासारखं असतं, पण ज्यानं त्या छताची गॅरंटी दिली आहे त्यानं हसू नये.

"भाऊ, पानी कुठून येऊन रायलं ते पाहा पयले," त्या म्हणाल्या. "हे हेल्मेट काई मी हौसेनं नाई घातलं. काल वरून पोपडा पडला, बरोबर कढईत."

गॅसच्या शेगडीच्या वर छताला ओल होती आणि तिथून टप टप पाणी गळत होतं. खाली तपेलं. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून छताला लावून बघितली. मधोमध स्लॅब अर्धा इंच खाली आला होता, आणि केसाएवढ्या बारीक चिरा मधून आडव्या गेल्या होत्या. चार इंच चहापत्तीनं स्लॅब वाकत नाही. मी जिना चढलो.

वर बगळे होते. सात. ते चालत होते, आणि ज्यात चालत होते तो धान होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाचशे चौरस फूट, कमरेएवढा, हिरवागार, लोंब्या नुकत्याच बाहेर पडलेल्या. मुळाशी दोन बोटं पाणी उभं. मधून मातीचे धुरे, म्हणजे बांध, घालून चार बांध्या पाडल्या होत्या, म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचे असतात तसे चौकोनी तुकडे. धुऱ्यांवर ओळीनं तूर. बेडूक एवढे की माझ्या पायाच्या आवाजानं सगळं छत एकदम गप्प झालं. आणि या सगळ्याच्या मध्ये लुंगी वर खोचून तेजराम चुटे उभा, तण उपटत.

"ये ना भाऊ!" तो म्हणाला. "जपून, चिखल हाये."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

हळूहळू सगळं कळलं. जूनमध्ये त्यानं माझी चहापत्ती पोत्यांत भरून शेजारच्या चंपतला देऊन टाकली. कापड आणि ती उंचसखल चादर गुंडाळून जिन्याखाली ठेवली, कारण "धानाले पानी थांबून पायजे, तुमची चादर तं पानी पळवते." नाल्यांच्या तोंडात जुन्या साड्यांचे बोळे आणि चिकणमाती कोंबली. भावाच्या शेतातून ट्रक भरून काळी माती आणवली. ती घमेल्यांनी वर चढत होती तेव्हा गल्लीला वाटलं, चुट्यांचा दुसरा मजला निघतोय. नऊ इंच माती पसरली. पाणी भरून तिची चिखलणी केली. बैल वर नेता येईना म्हणून स्वतः कुदळीनं. रोवणीला मनकर्णावहिनी आणि महिला मंडळाच्या सहा बाया, एका दुपारी, गाणी म्हणत. वहिनींनी हे सांगताना हेल्मेटखालून थोडं हसून घेतलं. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच चिखलात हात घातला होता.

ऑगस्टमध्ये तर हा पटवाऱ्याकडे, म्हणजे इकडच्या तलाठ्याकडे, गेला. सोसायटीत धान विकायचा तर जमिनीची नोंद पाहिजे. पटवाऱ्यानं खसरा नंबर, म्हणजे शेताचा गट नंबर, विचारला, यानं घर नंबर सांगितला. पटवाऱ्यानं विचारलं, जमीन सिंचित की असिंचित? हा म्हणाला, टाकीचा पाइप आहे, सिंचित लिहा. रकान्यात काय लिहावं ते त्या बिचाऱ्याला सुचेना. दोन दिवस विचार करून त्यानं कळवलं की असा धान घरीच खावा.

"तेजराम," मी म्हणालो, "ही माती भिजली की किती वजनाची होते, कधी हिशेब केला?"

"माती कधी कोनी तोलते का भाऊ?"

मी तिथेच धुऱ्यावर बसून काडीनं चिखलात हिशेब मांडला. भिजलेली चिकणमाती घनमीटरला एकोणीसशे किलो. नऊ इंच म्हणजे चौरस मीटरला सव्वाचारशेच्या वर. पाणी धरून चारशे ऐंशी. आणि घराच्या अशा छतावर, माणसं फिरतील, लग्नाचे पाहुणे जेवतील, असं धरून जास्तीचं वजन घेतात दीडशे. सगळ्या छताचं मिळून झालं बावीस टन.

"तुझी क्रेन किती टनाची होती?"

"वीस."

"आणि तुझ्या छतावर बावीस."

वाटलं, आता तरी याचा चेहरा उतरेल. उतरला नाही. तो शांतपणे म्हणाला, "पंजाबभाऊ, क्रेनवर लिवलं रायते. हातभर मोठ्या अक्षरात, इतके टन. त्याच्या वर एक किलो मी चौतीस वर्षांत उचलला नाई. छतावर कुठं लिवलं हाये? लिवलं नाई म्हंजे लिमिट नाई. आन् स्लॅबातलं सळाख आपल्या प्लांटचं हाये. दीडपट टाकलं मी."

मी हात टेकले. हाच माणूस प्लांटमध्ये एकदा वजनाची चिठ्ठी नसलेला बंडल उचलायला नाही म्हणाला होता आणि साहेबानं धमकावलं तरी केबिनमधून उतरला नव्हता. त्याच्या डोक्यात काही बसवलं तर ते ढळत नाही, आणि घराला कधी वजनाचा आकडा असतो हे त्याच्या डोक्यात कोणी बसवलंच नव्हतं.

"धान किती दिवसांत निघतो?"

"महिना. दाना भरून रायला आता. पानी आता काढलं तं सारा पोचट होईल. वीस दिवस राहू दे, मंग आम्हीच पानी काढतो कापणीच्या आधी. तुमी खालून टेकू लावा ना."

मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. लोंब्या फार सुंदर होत्या. मी सेंट्रिंगवाल्याकडून बल्ल्या आणवल्या आणि स्वयंपाकघरात चौदा टेकू ठोकले. वहिनी त्या जंगलातून हेल्मेट घालून डबे शोधत फिरायच्या. तेजराम खाली येऊन एकेका बल्लीला थाप मारायचा आणि म्हणायचा, बघ, आता काई टेंशन नाई. वर जाऊन त्यानं पाणी एक बोट वाढवलं. दुसऱ्या दिवशी गळती दुप्पट झाली.

मी पुन्हा आलो. समीक्षाही आली होती. ती वडिलांवर हिंदीत ओरडत होती, ते मराठीत ऐकत नव्हते. मी म्हणालो, "पाणी काढ. नाहीतर मी गॅरंटीचा कागद फाडून जातो."

"वीस दिवस, भाऊ," तेजराम म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा होता. "जिंदगीत एकदा माह्या हातचा धान पिकून रायला. वीसच दिवस."

मनकर्णावहिनी कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, वरही बघितलं नाही.

"आयका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी क्रेन चालवत होते. आकड्याले लोड लटकला हाये, आन् खाली मानूस दिसला. तं काय करत होते?"

"घंटी मारत होतो. मानूस हटला नाई तं लोड जागच्या जागी थांबवत होतो."

"कोनताही मानूस?"

"कोनताही. साहेब असो का मजूर."

"मंग मी तीन महिने झाले, तुमच्या लोडखाली दोन वेळचं रांधून रायली. मले कावून नाई मारली घंटी?"

तेजरामचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या दिवशी बावीस टनांनी जो उतरला नव्हता, तो आता पांढराफटक पडला. तो वर बघत होता, ओल्या डागाकडे, आणि मग एकदम त्यानं वहिनींचा पिठाचा हात धरला आणि त्यांना ओढत अंगणात नेलं. समीक्षालाही. मलाही ढकललं. मग एकटा जिन्यानं वर पळाला.

आम्ही गल्लीत उभे होतो. थोड्या वेळानं भिंतीवरच्या चारही पाइपांतून गढूळ पाणी भसाभसा कोसळायला लागलं. आधी साड्यांचे बोळे पडले, मग बेडूक पडले. त्यानं हातानं नाल्यांची तोंडं मोकळी केली होती. तीन बोटं पाणी गेलं म्हणजे तीन टन गेले. मला माझ्या धंद्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण धान? दाणा भरतोय, आणि पाणी गेलं. शिवाय माती तर राहिलीच होती, वीस टन. तेजराम खाली येऊन ओट्यावर बसला. तेव्हा शेजारचा चंपत आला. रेल्वेत गार्ड होता, आता रिटायर. तीन महिने या बेडकांनी त्याची दुपारची झोप नासवली होती, त्यामुळे मला वाटलं भांडायला आला.

"चुटेभाऊ," चंपत म्हणाला, "माह्या कूलरची टाकी खाली हाये. पानी धरते. चार घास धान त्याच्यात बसते का पाहा."

ही कल्पना इतकी बिनडोक होती की मी लगेच हो म्हटलं. उन्हाळा संपल्यावर आमच्याकडे दर घराच्या मागे एक पत्र्याची कूलर टाकी रिकामी पडलेली असते, वीतभर खोल, पाणी धरणारी. धानाची मुळं उथळ. वरच्या पाच-सहा इंचांत त्यांचं गाठोडं असतं. फूटभर चौकोनाचे तुकडे कापले तर एकेक तुकडा वीस-पंचवीस किलोचा. माणूस उचलू शकतो.

समीक्षानं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "कूलर टंकी चाहिए, धान के लिए, अर्जेंट." एकानं विचारलं, किस चीज़ के लिए? तिनं पुन्हा लिहिलं, धान के लिए. संध्याकाळपर्यंत एकतीस टाक्या झाल्या. त्या गल्लीत मराठी होते, छत्तीसगढी होते, तेलुगू होते, आणि कोणालाही हे विचित्र वाटलं नाही, याचं मला विचित्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. मी नियम घातले: वर एका वेळी चौघंच. स्लॅबच्या मधोमधून आधी काढायचं. काढलेली माती वर कुठेही ढीग करायची नाही. कुदळ नाही, चपटं फावडं, तेही वरवर. आणि खाली घरात कोणी नाही, मांजरसुद्धा नाही. छताच्या कडेला वर आलेल्या खांबाच्या डोक्यावर कप्पी बसवली, तुकडे घमेल्यांत ठेवून उतरवायला. ती घमेली उतरताना इशारे द्यायचं काम तेजरामनं दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. गल्लीत उभा राहून तो हातानं इशारे देत होता, सावकाश, थांब, डावीकडे, आणि प्रत्येक घमेलं सुटायच्या आधी स्टीलच्या ताटावर चमचा वाजवत होता. सगळी गल्ली बाजूला व्हायची. मग लोंब्या डोलवत एक फूट शेत हवेतून खाली यायचं, आणि कोणीतरी ते पोटाशी धरून आपल्या घरी न्यायचं.

पाचशेतले एकशे चोवीस तुकडे टाक्यांत मावले. बाकीचा धान कापून गुरांना घातला, माती रस्त्याच्या खड्ड्यांत आणि बगिच्यांत गेली. सहाव्या दिवशी शेवटचा धुरा निघाला, आणि गळतीचं मूळ सापडलं. खरोखरच मूळ. चिखलणी करताना कुदळीनं दोन्ही चादरी कापल्या होत्या, बोटभर लांब. धानाच्या केसासारख्या मुळांनी तिथे काही केलं नसतं. पण धुऱ्यावर तूर लावायची आपल्याकडची रीत, आणि तुरीचं मूळ सरळ खाली जाणारं. त्या एका झाडाचं मूळ करंगळीएवढं जाड होऊन चिरेतून कोब्यात शिरलं होतं आणि आत विटांच्या तुकड्यांमध्ये जाळं पसरून बसलं होतं.

"बांधावर तूर नसली तं ते शेत कसं दिसते भाऊ?" तेजराम म्हणाला. माझ्या बापानंही लावली असती.

मी चीर दुरुस्त केली, तीन दिवस पाणी भरलं, टेकू काढले, स्लॅब एका इंजिनीअरकडून तपासून घेतला. तो म्हणाला, वाचला, पण यावर आता फक्त कपडे वाळवा.

एकतीस टाक्यांतला धान महिनाभर लोकांनी सांभाळला. एकीकडे बादलीनं पाणी, एकीकडे भांडी धुतलेलं पाणी. पिकल्यावर तेजराम विळा घेऊन घरोघर गेला, दार वाजवून, चप्पल बाहेर काढून. प्रत्येक घरी मूठभर कापायचा आणि प्रत्येक घरी चहा. त्याची कापणी अडीच दिवस चालली. मळून, वहिनींनी उखळात कांडून, तीन किलो तांदूळ निघाला.

मला नवा भात खायला बोलावलं. स्वयंपाकघर मोकळं होतं, छताला नवा चुना. वहिनींनी पानं मांडली. तेजराम उंबऱ्यावर थांबला, आत येईना. वर बघत होता.

"या ना आत," वहिनी म्हणाल्या. "आता वर काईच नाई."

"तेच तं," तो म्हणाला. "वर काईच नाई."

तो आत येऊन बसला आणि पहिला घास तोंडात घालून रडला. मोठा माणूस असा भातावर रडताना बघणं फार वाईट असतं. मनकर्णावहिनींनी पातेल्याच्या तळाशी पळी घातली आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"घ्या," त्या म्हणाल्या, "बांधी सरली नाई अजून."